थांबेल की थांबणार नाही? : कर्णपद्धतीने सिद्ध होणारी एक अनिर्णेयता

१. देवळालीची वजाबाकी

नाशिकजवळील देवळाली येथे शाळामास्तर असलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास एक साधी रीत गणितज्ञांपुढे ठेवली. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. मात्र तिचे चारही अंक सारखे नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमाने लावून एक संख्या करावी, चढत्या क्रमाने लावून दुसरी करावी, आणि मोठीतून लहान वजा करावी. जी बाकी उरेल तिच्यावर हीच कृती पुन्हा करावी. बाकीत अंक कमी पडल्यास आरंभी शून्य लिहून चार अंक पुरे करावेत.

३५२४ ही संख्या घेतली, तर पहिली वजाबाकी ५४३२ − २३४५ = ३०८७ अशी होते. पुढची ८७३० − ०३७८ = ८३५२, आणि तिच्या पुढची ८५३२ − २३५८ = ६१७४. आता ७६४१ − १४६७ ही वजाबाकी केली, तर पुन्हा ६१७४ च येते. कापरेकरांनी दाखविले की, कोणत्याही चार अंकी संख्येपासून आरंभ केला तरी जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ हाती येते.

या रीतीला थांबण्याचा एक नियम जोडावा: नवी बाकी जर आधीच्या संख्येइतकीच आली, तर थांबावे. हा नियम घेतला म्हणजे चार अंकी संख्यांची कृती नेहमी थांबते. अंक सारखे असले, तर बाकी शून्य येते, आणि शून्यातून पुन्हा शून्यच येत असल्यामुळे तेथेही कृती थांबते.

आता हीच रीत पाच अंकी संख्येला लावून पाहावी. १२३४५ पासून निघाल्यास क्रमाने ४१९७६, ८२९६२, ७५९३३, ६३९५४, ६१९७४ या संख्या येतात, आणि त्यानंतर पुन्हा ८२९६२ येते. येथून पुढे त्याच चार संख्या अखंड फिरत राहतील. नवी बाकी आधीच्या संख्येइतकी होण्याचा प्रसंग कधीच येणार नाही. म्हणून ही कृती कधीही थांबणार नाही.

हा निष्कर्ष कसा काढला, याकडे वाचकाने लक्ष द्यावे. कृती पुष्कळ वेळ चालवून ती थांबली नाही, म्हणून ती थांबणार नाही असे म्हटलेले नाही. एक संख्या दुसऱ्यांदा आली हे पाहून ते म्हटले आहे. आरंभीची शून्ये धरून पाच अंकी संख्या फक्त एक लाख आहेत. म्हणून एक लाख पावलांच्या आत एखादी संख्या पुन्हा येणे अटळ आहे. ती लागोपाठ आली, तर कृती थांबेल. मधे दुसऱ्या संख्या येऊन आली, तर कृती फेऱ्यात सापडेल. म्हणजे पाच अंकी कोणतीही संख्या दिली, तरी कापरेकरांची कृती थांबेल की नाही हे ठरविण्याची पक्की रीत आपल्या हाती आहे.

२. जेथे पुनरावृत्तीचा भरवसा नाही

दुसरी एक कृती घ्यावी. एखादी संख्या लिहावी, तिचे अंक उलट क्रमाने लिहून ती संख्या मूळ संख्येत मिळवावी, आणि बेरीज दोन्ही बाजूंनी सारखी वाचता येईल तेव्हा थांबावे. १९५ पासून निघाल्यास १९५ + ५९१ = ७८६, ७८६ + ६८७ = १४७३, १४७३ + ३७४१ = ५२१४, ५२१४ + ४१२५ = ९३३९. ही संख्या डावीकडून व उजवीकडून सारखीच वाचली जाते. चार बेरजांत कृती थांबली.

१९५ च्या शेजारची १९६ घेतली, तर ८८७, १६७५, ७४३६, १३७८३ अशा संख्या येत जातात. संगणकांवर ही कृती कोट्यवधी अंकांच्या संख्यांपर्यंत चालविली गेली आहे, तरी ती थांबलेली नाही. ती कधीच थांबणार नाही, असेही कोणी सिद्ध केलेले नाही. येथे संख्या वाढतच जातात. त्यामुळे एखादी संख्या पुन्हा येईल आणि फेरा ध्यानात येईल, हा आधार उरत नाही.

येथे एक प्रश्न सहज उभा राहतो. १९६ साठी एक युक्ती, दुसऱ्या कृतीसाठी दुसरी युक्ती, असे निरनिराळे शोध घेण्याऐवजी सर्व कृतींना लागू पडणारी एकच रीत शोधता येईल काय? हाच ‘थांबण्याचा प्रश्न’ होय. त्याचे नेमके रूप असे आहे: कोणतीही आज्ञावली आणि तिला द्यावयाचे कोणतेही आदान समोर ठेवले असता, ती आज्ञावली त्या आदानावर केव्हा तरी थांबेल की नाही, याचे बिनचूक उत्तर प्रत्येक वेळी मर्यादित वेळात देणारी रीत आहे काय?

आज्ञावली म्हणजे संगणकाला द्यावयाच्या आज्ञांचा क्रमवार मजकूर, आणि आदान म्हणजे कामासाठी तिच्या हाती दिलेली माहिती. वरील विधानातील ‘कोणतीही’, ‘बिनचूक’, ‘प्रत्येक वेळी’ व ‘मर्यादित वेळात’ हे चारही शब्द आवश्यक आहेत. त्यांतील एक जरी सोडला, तरी प्रश्न सोपा होतो. उदाहरणार्थ, आज्ञावली प्रत्यक्ष चालवून पाहिली, तर ती थांबली असता ‘थांबते’ असे उत्तर खात्रीने देता येते. परंतु ती न थांबणारी असेल, तर पाहणाराही तिच्याबरोबर अखंड वाट पाहत राहतो, आणि ‘थांबत नाही’ हे उत्तर त्याच्या तोंडून कधीच निघत नाही. अर्धे काम असे सोपे आहे. सारी अडचण उरलेल्या अर्ध्यात आहे.

३. आज्ञावल्यांची यादी

सिद्धतेकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट व्हावयास हवी. आज्ञावली हा मजकूर आहे, आणि मजकूर ठराविक चिन्हांचा बनलेला असतो. एका चिन्हाचे सर्व मजकूर आधी लिहावेत, मग दोन चिन्हांचे, मग तीन चिन्हांचे. आणि सारख्या लांबीचे मजकूर शब्दकोशातल्या क्रमाने लावावेत. त्यांतून आज्ञावलीच्या व्याकरणात न बसणारे मजकूर गाळावेत. जे उरतील त्यांना १, २, ३ असे क्रमांक द्यावेत.

या यादीत प्रत्येक आज्ञावली येते. कितीही लांब आज्ञावली घेतली, तरी तिच्या आधी येणारे मजकूर मर्यादितच असतात, म्हणून तिला एक निश्चित क्रमांक मिळतो. उलट, क्रमांक दिला असता यादी तेथपर्यंत लिहून काढून त्या क्रमांकाची आज्ञावली कोणती, हेही यंत्राला सांगता येते. म्हणजे आज्ञावली आणि तिचा क्रमांक यांत कामापुरता भेद उरत नाही.

यावरून असे निघते की, एका आज्ञावलीला दुसऱ्या आज्ञावलीचा क्रमांक आदान म्हणून देता येतो. इतकेच काय, तिला तिचा स्वतःचा क्रमांकही देता येतो. नवशिक्या विद्यार्थ्याला ही गोष्ट चमत्कारिक वाटते. परंतु शुद्धलेखन तपासणाऱ्याने स्वतःच्याच पत्रातील चुका तपासाव्यात, यात जसे काही गूढ नाही, तसेच यातही नाही. आज्ञावलीचा मजकूर वाचून त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या आज्ञावल्या संगणकावर नित्य चालतात, आणि त्यांना त्यांचाच मजकूर दिला, तर त्या तोही वाचतात.

४. हजेरीपटातील कर्ण

आता सिद्धतेतील मुख्य युक्ती एका लहानशा उदाहरणात पाहावी. समजा, रायपूरच्या चौबे कॉलोनीत एका घरी पाच विद्यार्थ्यांचा अभ्यासवर्ग पाच दिवस भरला, आणि त्याचा हजेरीपट पुढीलप्रमाणे आहे. ‘ह’ म्हणजे हजर व ‘ग’ म्हणजे गैरहजर.

| विद्यार्थी | दिवस १ | दिवस २ | दिवस ३ | दिवस ४ | दिवस ५ |
|---|---|---|---|---|---|
| पहिला | ह | ह | ग | ह | ह |
| दुसरा | ह | ग | ह | ह | ग |
| तिसरा | ह | ह | ह | ह | ह |
| चौथा | ग | ह | ग | ग | ह |
| पाचवा | ह | ग | ह | ह | ह |

या पाचांपैकी कोणाच्याही ओळीशी न जुळणारी हजेरीची ओळ तयार करावयाची आहे. त्यासाठी सगळा पट वाचण्याची गरज नाही. डावीकडच्या वरच्या कोपऱ्यापासून उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत जाणाऱ्या कर्णावरील अक्षरे तेवढी घ्यावीत: ह, ग, ह, ग, ह. यांतील प्रत्येक अक्षर उलटवावे: ग, ह, ग, ह, ग.

ही नवी ओळ पहिल्या विद्यार्थ्याची असू शकत नाही, कारण पहिल्या दिवशी ती त्याच्याशी जुळत नाही. दुसऱ्याची असू शकत नाही, कारण दुसऱ्या दिवशी ती त्याच्याशी जुळत नाही. तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या विद्यार्थ्यांविषयीही असेच म्हणता येते. प्रत्येक ओळीशी निदान एका ठिकाणी मतभेद व्हावा, एवढीच योजना येथे केली आहे, आणि ते ठिकाण म्हणजे त्या ओळीचे कर्णावरील घर.

जर्मन गणितज्ञ गेऑर्ग कांटोर यांनी १८९१ साली ही युक्ती अनंत ओळींच्या कोष्टकाला लावली. ओळी पाच असोत की अनंत असोत, युक्तिवादात फरक पडत नाही. कारण कोणतीही एक ओळ दाखविली, की तिच्याशी मतभेद होण्याचे घर लगेच दाखविता येते.

५. आज्ञावल्यांचे कोष्टक

आता विद्यार्थ्यांच्या जागी आज्ञावल्या घ्याव्यात आणि दिवसांच्या जागी आदाने. पहिल्या ओळीत पहिली आज्ञावली १, २, ३ या आदानांवर थांबते की नाही ते लिहावे. दुसऱ्या ओळीत दुसऱ्या आज्ञावलीचे. आणि याप्रमाणे पुढे. थांबत असेल तेथे ‘थां’, थांबत नसेल तेथे ‘न’. काही आज्ञावल्या काम आटोपून सदैव थांबतात; त्यांच्या ओळीत सर्वत्र ‘थां’ असेल. काही कशावरच थांबत नाहीत; त्यांच्या ओळीत सर्वत्र ‘न’ असेल. एखादी सम आदानावर थांबेल व विषम आदानावर चालत राहील; तिच्या ओळीत ही चिन्हे आळीपाळीने येतील.

हे कोष्टक कोणाला भरता येते की नाही, हा प्रश्न येथे अजून आलेला नाही. प्रत्येक घरात दोहोंपैकी कोणते तरी एक चिन्ह असणार, एवढेच पुरेसे आहे. कारण आज्ञावली एक तर थांबते, नाही तर थांबत नाही.

या कोष्टकाचा कर्ण घ्यावा. कर्णावरील पहिल्या घरात पहिली आज्ञावली १ या आदानावर काय करते ते आहे. दुसऱ्या घरात दुसरी आज्ञावली २ वर काय करते ते आहे. म्हणजे कर्णावर प्रत्येक आज्ञावली स्वतःच्या क्रमांकावर कशी वागते, त्याची नोंद आहे. ही सर्व चिन्हे उलटवावीत: ‘थां’ च्या जागी ‘न’, आणि ‘न’ च्या जागी ‘थां’.

ही उलटलेली ओळ कोष्टकातील कोणत्याही ओळीशी जुळत नाही. हजेरीपटात असा निष्कर्ष निघाला होता की, अशी हजेरी असलेला विद्यार्थी त्या पाचांत नाही. तो बाहेरचा सहावा असू शकेल. येथे मात्र यादीत सर्वच आज्ञावल्या आहेत, कोणी बाहेर उरलेली नाही. म्हणून निष्कर्ष अधिक कडक आहे: उलटलेल्या कर्णाप्रमाणे वागणारी आज्ञावली असूच शकत नाही.

येथवर काहीही गृहीत धरलेले नाही. हा सिद्धतेचा पहिला टप्पा झाला.

६. दुसरा टप्पा: गृहीत आणि व्याघात

आता समजा, थांबण्याच्या प्रश्नाचे उत्तर देणारी आज्ञावली कोणी लिहिली आहे. तिला H म्हणावे. H ला दोन संख्या द्यावयाच्या: आज्ञावलीचा क्रमांक व आदान. ती आज्ञावली त्या आदानावर थांबत असेल तर H ‘होय’ म्हणते, थांबत नसेल तर ‘नाही’ म्हणते; आणि H स्वतः नेहमी मर्यादित वेळात उत्तर देऊन मोकळी होते.

अशी H हाती असेल, तर तिच्या साहाय्याने चार ओळींची दुसरी आज्ञावली लिहिता येते. तिला D म्हणावे.

```
def D(k):
    if H(k, k):
        while True:
            pass
```

हिचे काम शब्दांत असे: k हा क्रमांक मिळाला, की k क्रमांकाची आज्ञावली k याच आदानावर थांबते काय, असे H ला विचारावे. उत्तर ‘होय’ आल्यास काहीही न करता अखंड फिरत राहावे. ‘नाही’ आल्यास तत्काळ थांबावे.

D ची ओळ म्हणजे तंतोतंत उलटलेला कर्ण होय. परंतु तशी आज्ञावली असू शकत नाही, हे पहिल्या टप्प्यात दिसून आलेच आहे. D मध्ये H ला विचारण्याखेरीज जे आहे ते इतके साधे आहे की, ते लिहिता येणार नाही असे कोणी म्हणणार नाही. तेव्हा दोष H मध्येच असला पाहिजे. H अस्तित्वात नाही.

ज्याला हा व्याघात डोळ्यांपुढे पाहावयाचा असेल, त्याने D चा स्वतःचा क्रमांक घ्यावा. समजा, तो d आहे. D ला d हेच आदान दिले असता ती थांबेल काय? ती थांबते असे मानले, तर H(d, d) चे उत्तर ‘होय’ असले पाहिजे. परंतु ‘होय’ ऐकताच D अखंड फेऱ्यात शिरते, म्हणजे ती थांबत नाही. ती थांबत नाही असे मानले, तर H(d, d) चे उत्तर ‘नाही’ असले पाहिजे. परंतु ‘नाही’ ऐकताच D थांबते. दोन्ही वाटा बंद आहेत. d ओळ व d स्तंभ जेथे मिळतात त्या घरात कोणतेच चिन्ह बसत नाही. कर्णाचा विरोध ज्या घरात प्रकट व्हावयाचा, ते हेच घर.

७. H लिहून पाहिली तर काय होते

सिद्धता पटली तरी विद्यार्थ्याच्या मनात शंका राहते, आणि ती दूर करण्याचा उत्तम मार्ग म्हणजे प्रत्यक्ष H लिहिण्याचा प्रयत्न करणे. दोन प्रयत्न येथे तपासू.

पहिला प्रयत्न: H ने दिलेली आज्ञावली पावलापावलाने चालवून पाहावी, आणि ती थांबली म्हणजे ‘होय’ म्हणावे. आता D ला d दिल्यावर काय घडते? D ही H ला विचारते. H ही D ला d वर चालवू लागते. ती आतली D पुन्हा H ला विचारते. ती H पुन्हा D ला चालविते. हा प्रकार कधीच संपत नाही. D थांबत नाही, आणि H उत्तर देत नाही. येथे व्याघात निर्माण होत नाही, हे ध्यानात घ्यावे. या H ने चुकीचे उत्तर दिले नाही; तिने उत्तरच दिले नाही. ‘मर्यादित वेळात’ ही अट तिने मोडली.

दुसरा प्रयत्न: वाट पाहण्याला मर्यादा घालावी. H ने आज्ञावली एक लाख पावले चालवून पाहावी. तेवढ्यात ती थांबली तर ‘होय’, नाही तर ‘नाही’ म्हणावे. आता H नेहमी उत्तर देते. परंतु D ला d दिल्यावर काय होते ते पाहावे. D ही H ला विचारते, आणि H आतल्या D ची एक लाख पावले चालवू लागते. आतल्या D लाही प्रथम H कडून उत्तर घ्यावयाचे असते, आणि ते मिळविण्यासाठीच एक लाखाहून अधिक पावले लागतात. म्हणून एक लाख पावले संपतात तेव्हा आतली D अद्याप थांबलेली नसते. H म्हणते ‘नाही’. ते ऐकून बाहेरची D थांबते. म्हणजे D प्रत्यक्षात थांबली, एक लाखाहून काही अधिक पावलांनी. आणि H ने ती थांबत नाही असे सांगितले. या वेळी ‘बिनचूक’ ही अट मोडली. मर्यादा लाखाऐवजी अब्जाची केली तरी D चा वेळही त्याच प्रमाणात लांबतो.

कोणी म्हणेल की, H मध्ये D साठी एक अपवाद लिहावा. तसे करता येते. परंतु अपवाद लिहिला म्हणजे H बदलली. आणि बदललेल्या H वरून तशीच चार ओळींची नवी D लिहिता येते, जिला तो अपवाद लागू नाही. दर दुरुस्तीगणिक तिच्या मापाचा नवा प्रतिवादी उभा राहतो.

८. सिद्धांत काय सांगत नाही

या सिद्धांताचा अर्थ लावताना दोन चुका वारंवार होतात.

एक चूक अशी की, एखाद्या विशिष्ट आज्ञावलीचे थांबणे ‘अनिर्णेय’ आहे असे म्हणणे. १९६ ची कृती एक तर थांबते, नाही तर थांबत नाही. पहिली गोष्ट खरी असेल, तर केवळ ‘होय’ छापणारी आज्ञावली तिच्यापुरते बरोबर उत्तर देते. दुसरी खरी असेल, तर केवळ ‘नाही’ छापणारी देते. त्यांपैकी कोणती बरोबर हे आज ठाऊक नाही, ही गोष्ट वेगळी. अनिर्णेयता एकेका प्रश्नाची नसून सर्व प्रश्नांच्या समूहाची असते: त्या सर्वांना पुरणारी एकच रीत नाही. कापरेकरांच्या पाच अंकी कृतीसारख्या पुष्कळ मर्यादित समूहांना मात्र अशी रीत असते.

दुसरी चूक अशी की, प्रत्यक्षातल्या संगणकाची स्मृती मर्यादित असल्यामुळे त्याला हा सिद्धांत लागत नाही, म्हणून तो निरुपयोगी आहे असे समजणे. यातील पहिला भाग खरा आहे. स्मृती मर्यादित असली, तर यंत्राच्या अवस्थाही मर्यादित असतात, आणि कापरेकरांच्या एक लाख संख्यांप्रमाणे येथेही पुनरावृत्ती अटळ आहे. परंतु ती किती पावलांत? केवळ ८,१९२ द्विमान अंकांच्या, म्हणजे अगदी चिमुकल्या स्मृतीचे उदाहरण घेतले, तरी तिच्या निरनिराळ्या अवस्थांची संख्या २,४६७ अंकी असते. इतकी पावले मोजणे कोणत्याही यंत्राला शक्य नाही. पुनरावृत्तीची वाट पाहणे ही रीत कागदावर राहते.

म्हणून आज्ञावल्या तपासणारी जी साधने आज वापरात आहेत, ती दोनच उत्तरांवर भागवीत नाहीत. ‘थांबते’ व ‘थांबत नाही’ यांच्या जोडीला ‘सांगता येत नाही’ हे तिसरे उत्तर त्यांना ठेवावे लागते. किंवा आज्ञावली लिहिणाऱ्यावरच बंधने घालून न थांबणारी आज्ञावली लिहिताच येणार नाही, अशी भाषा योजावी लागते. त्या साधनांच्या कर्त्यांच्या कौशल्याची ही उणीव नव्हे. तिसरे उत्तर कायमचे काढून टाकता येत नाही, हे कर्णपद्धतीने आधीच ठरवून ठेवले आहे.

९. प्रश्न कोठून आला

हा शोध संगणक तयार होण्यापूर्वीचा आहे. जर्मन गणितज्ञ डेव्हिड हिल्बर्ट व विल्हेल्म अकेरमान यांनी १९२८ साली असा प्रश्न मांडला होता की, तर्कशास्त्राच्या भाषेतील कोणतेही विधान दिले असता ते सर्वत्र सत्य आहे की नाही हे ठरविणारी यांत्रिक रीत आहे काय. अशी रीत सापडती, तर गणितातील अनेक जुने वाद निव्वळ हिशेबाने मिटले असते.

एका उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. दोनपेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या ही दोन मूळ संख्यांची बेरीज असते, असे अनुमान क्रिस्टियान गोल्डबाख यांच्या १७४२ मधील पत्रव्यवहारातून पुढे आले. ते अद्याप सिद्ध झालेले नाही. आता अशी आज्ञावली लिहावी की जी ४, ६, ८, १० अशा सम संख्या क्रमाने घेते, प्रत्येकीचे दोन मूळ संख्यांत विभाजन होते काय ते तपासते, आणि विभाजन न होणारी संख्या सापडली तरच थांबते. ही आज्ञावली लिहिणे शाळकरी विद्यार्थ्यालाही अवघड नाही. H जर अस्तित्वात असती, तर तिला ही आज्ञावली दाखवून एक प्रश्न विचारला की पुरे होते: ‘थांबत नाही’ असे उत्तर आले तर गोल्डबाख यांचे अनुमान खरे, ‘थांबते’ असे आले तर खोटे. अडीचशेहून अधिक वर्षांचा वाद एका उत्तराने मिटला असता.

केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमधील तेवीस वर्षांचे ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ साली हिल्बर्ट यांच्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असल्याचे दाखविले. त्याच वर्षी अमेरिकेत अलोन्झो चर्च यांनीही निराळ्या मार्गाने तोच निष्कर्ष प्रसिद्ध केला होता. ट्युरिंग यांनी त्यासाठी एक कल्पित यंत्र योजले: चौकटी पाडलेली अमर्याद फीत, तीवर एकेक चिन्ह वाचणारे व लिहिणारे टोक, आणि पुढे काय करावे ते सांगणारा एक तक्ता. त्यांच्या मूळ निबंधातील प्रश्न थोडा निराळा होता; अंक छापणारे यंत्र अखंड छापत राहील की मधेच त्याची छपाई खुंटेल, असे त्यांनी विचारले होते. ‘थांबण्याचा प्रश्न’ हे आजचे रूप व नाव पुढे १९५० नंतरच्या दशकात रूढ झाले. परंतु यंत्रांची क्रमवार यादी करावी आणि तिच्या कर्णावर घाव घालावा, हा गाभा १९३६ च्या निबंधातलाच आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. कापरेकरांची कृती सहा अंकी संख्यांना लावली, तर ती थांबेल की नाही हे ठरविणारी रीत लिहा. जास्तीत जास्त किती पावलांत निर्णय नक्की मिळेल?

२. हजेरीपटात कर्णाऐवजी पहिल्याचा दुसरा दिवस, दुसऱ्याचा तिसरा, तिसऱ्याचा चौथा, चौथ्याचा पाचवा व पाचव्याचा पहिला दिवस उलटविला, तर मिळणारी ओळ पाचही ओळींहून भिन्न असेल काय? कारण सांगा.

३. दिलेली आज्ञावली ‘नमस्कार’ हा शब्द केव्हा तरी छापील काय, हे ठरविणारी बिनचूक रीत आहे असे समजा. कोणत्याही आज्ञावलीतील छपाईच्या सर्व आज्ञा काढून टाकून, ती थांबण्याच्या वेळी शेवटी ‘नमस्कार’ छापील अशी आज्ञा तिला जोडा. यावरून H कशी मिळते ते दाखवा, आणि ती रीतही असू शकत नाही असे सिद्ध करा.